एक किलो आवळ्याचा जमाखर्च

कार्तिकात कर्जत स्टेशनबाहेर आणि खोपोलीच्या बाजारात आवळ्यांचे वाटे लागतात. खांडस-कशेळ्याच्या बाजूने आलेल्या ठाकूर आणि कातकरी बायका पाटीतून आणलेले डोंगरी आवळे पानावर मांडून बसतात. फळ बोराएवढं किंवा त्याहून थोडं मोठं, हिरवट पिवळं, तुरट इतकं की पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं. शेजारच्याच गाडीवर लिंबाएवढाले, गुळगुळीत कलमी आवळे असतात. मोरावळ्याला लोक बहुधा तेच घेतात, कारण किसायला सोपे जातात.

माझी एक शेजारीण दरवर्षी किलोभर आवळ्यांचा मोरावळा घालते. यंदा बरणी भरताना तिने विचारलं, "एवढं शिजवल्यावर यात सी व्हिटॅमिन उरतं तरी का हो?" या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. आग लागली की सगळं जळून जातं, हे एक. आवळ्यातलं सी कशानेच जात नाही, वर्षानुवर्षं टिकतं, हे दुसरं. दोन्ही चूक आहेत. खरं उत्तर मिळवायचं तर त्या किलोभर आवळ्यांचा जमाखर्च पहिल्या पायरीपासून शेवटच्या चमच्यापर्यंत मांडावा लागतो.

आधी जमेची बाजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत शंभर ग्रॅम आवळ्यात सुमारे २५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क दिलेलं आहे. त्याआधीच्या, कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत वापरल्या गेलेल्या तक्त्यांत हाच आकडा ६०० होता. आवळ्याचे वाण वेगळे, पिकण्याची वेळ वेगळी, मोजण्याची पद्धतही वेगळी, त्यामुळे आकडे हलतात. मोजण्याच्या पद्धतीकडे पुढे परत यावं लागेल, कारण आवळा मोजणाऱ्याला फसवू शकतो. सध्या २५० धरू. किलोतून बिया काढल्या की ९०० ग्रॅम गर राहतो, म्हणजे सुमारे २,२५० मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. तीस ग्रॅमचा एक कलमी आवळा कच्चा खाल्ला तर दिवसाची गरज जवळपास भागते.

आता खर्च. जीवनसत्त्व क म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. ते हरवतं कसं, हे कळलं की स्वयंपाकघरातली अर्धी कोडी सुटतात. हा रेणू स्वतःचे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतो. हवेतला ऑक्सिजन ते घेतो आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचं डीहायड्रो-ॲस्कॉर्बिक आम्ल होतं. इथपर्यंत फारसं बिघडत नाही, कारण शरीर त्याचं पुन्हा मूळ रूप करू शकतं. पण हे दुसरं रूप नाजूक असतं. आंबटपणा कमी असला आणि ऊब मिळाली की त्याची कडी तुटते आणि डायकीटोग्युलॉनिक आम्ल तयार होतं. तिथून परतीची वाट नाही. म्हणून नाश कशाने होतो असं विचारलं तर नुसती आग असं उत्तर देता येत नाही. हवा, पाणी, धातू, आंबटपणा कमी होणं आणि काळ यांचा त्यात आगीपेक्षा मोठा वाटा असतो. आगीचं काम या सगळ्यांना वेग देणं.

पहिला खर्च सुरीच्या आणि किसणीच्या टोकाशी होतो. पेशी फुटल्या की हवेला वाट मिळते, आणि ज्या फळांत ऑक्सिडेज जातीची विकरं असतात त्यांत ती कामाला लागतात. ही विकरं कोमट तापमानाला जोरात असतात आणि उकळत्या पाण्याच्या जवळ गेल्यावर निकामी होतात. याचा अर्थ असा की फोडी गार पाण्यात घालून मंद आचेवर हळूहळू तापवत नेणं वाईट, आणि उकळी फुटलेल्या वाफेत एकदम ठेवणं बरं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. उकळत्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळपास उरत नाही. त्यामुळे धोक्याचा पट्टा उकळीपेक्षा कोमटपणात जास्त आहे.

आवळ्यात मात्र एक मदतनीस आहे. एम. दामोदरन आणि के. आर. नायर यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की आवळ्यातलं एक टॅनिन ॲस्कॉर्बिक आम्लाचं ऑक्सिडीकरण रोखतं. तोंड वाकडं करणारा तो तुरटपणाच फळातल्या क ला राखत असतो. "आवळ्यातलं सी टिकतं" या समजुतीमागे एवढं सत्य आहे. आवळा इतर फळांपेक्षा सावकाश गमावतो. गमावतच नाही, असं मात्र नाही.

नेमका हा तुरटपणा घालवण्यासाठी आपल्याकडे आवळे काट्याने टोचून रात्रभर चुन्याच्या निवळीत किंवा तुरटीच्या पाण्यात ठेवतात. तुरटीचं पाणी आंबट बाजूचं असतं, पण त्यातही टोचलेल्या फळाचा रस पाझरत राहतोच. चुन्याची निवळी त्याहून वाईट, कारण ती अल्कधर्मी आहे, आणि ॲस्कॉर्बिक आम्लाला अल्क मुळीच चालत नाही. आंबट रसात जे महिनाभर टिकेल ते अल्कधर्मी पाण्यात काही तासांत जाऊ शकतं. फोडी लवकर मऊ व्हाव्यात म्हणून चिमूटभर सोडा घालणं यातलंच.

दुसरा खर्च फार मोठा, आणि तो डोळ्यांसमोर होत असून दिसत नाही. जीवनसत्त्व क पाण्यात मीठ-साखरेसारखं विरघळतं. भरपूर पाण्यात आवळे उकळले, टिचकले की बाहेर काढले आणि ते हिरवट पाणी मोरीत ओतलं, तर त्या पाण्याबरोबर क चा मोठा हिस्सा वाहून गेला. तो आगीने जाळला नव्हता, आपण ओतून दिला. कुकरच्या भांड्यात पाणी न घालता आवळे वाफवले, तर रस थोडाफार भांड्याच्या तळाशी उतरतो आणि तोच पाकात घालता येतो. शेजारणीला मी एवढीच एक दुरुस्ती सुचवली.

तिसरा खर्च भांड्याचा. आंबट पदार्थ कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात कळकतो, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं. त्या विषबाधेला भीत होत्या, आणि ती भीती खरीच होती. पण त्याच कळकण्यात क चाही घात होतो. तांब्याचे अगदी सूक्ष्म कणसुद्धा ॲस्कॉर्बिक आम्ल आणि ऑक्सिजन यांच्यातली देवाणघेवाण कितीतरी पटींनी वेगाने घडवतात. लोखंडही हे करतं, तांब्याहून कमी. म्हणून आवळा, लिंबू, कोकम यांना स्टील, काच किंवा चिनीमातीच बरी. तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याचं सकाळी लिंबू-सरबत करायचं असेल तर ते दुसऱ्या भांड्यात करावं.

या चुकीची मोठी किंमत ब्रिटिश आरमाराने मोजली आहे. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये स्कर्व्ही झालेल्या खलाशांना संत्री-लिंबं देऊन ती बरी होते हे दाखवलं. स्कर्व्ही म्हणजे क च्या अभावाचा आजार. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उलतात, माणूस झिजत मरतो. पण लांबच्या सफरीवर ताजी फळं कुठून आणायची? लिंडने उपाय सुचवला, की रस गरम पाण्यावर तासन्‌तास आटवून घट्ट करून बाटलीत भरावा. आटवण्यात काही क गेलं आणि बाटलीत पडून राहण्यात उरलेलं गेलं. पुढे १८६० च्या दशकात आरमाराने भूमध्य समुद्राकडच्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधली छोटी हिरवी लिंबं घेतली. त्यांच्या रसात मुळातच क कमी होतं, आणि तो हवेशी संबंध येत टाक्यांत साठवला जाई, तांब्याच्या नळ्यांतून खेळवला जाई. १८७५ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उफाळली आणि लिंबाचा काही उपयोगच नसतो असं डॉक्टर म्हणू लागले. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी लंडनच्या लिस्टर संस्थेत गिनी पिगांवर प्रयोग झाले, तेव्हा कुठे साठवलेल्या हिरव्या लिंबाच्या रसात जवळपास काहीच उरत नाही हे सिद्ध झालं. लिंबू खोटं नव्हतं, त्याची बाटली खोटी होती.

आता चौथा खर्च, पाक. इथे लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते आणि तितकं कारण नसतं. मोरावळा आंबट असतो आणि साखरेच्या दाट पाकात ऑक्सिजन विरघळायला फार जागा नसते. वीस-पंचवीस मिनिटांच्या शिजण्यात काही हिस्सा जातो, सगळा नाही. रुंद तोंडाच्या कढईत दोन तास ढवळत बसलं तर जास्त जातो, कारण ढवळताना दर वेळी नवी हवा आत येते. गूळ घालून लोखंडी कढईत केलेला मोरावळा काळा पडतो. त्यात लोखंड आणि टॅनिन मिळून शाईसारखा रंग होण्याचा भागही असतो. म्हणून नुसत्या काळेपणावरून क गेलं असा निकाल देऊ नये.

पाचवा खर्च बरणीतला, आणि तो कुणीच मांडत नाही. मोरावळा कार्तिकात घालतात आणि पुढच्या कार्तिकापर्यंत पुरवतात. मधल्या काळात चैत्र-वैशाखात कर्जत-खालापूरचा पारा चाळिशीकडे जातो, मग चार महिने धो-धो पाऊस आणि दमट हवा. साठवणीत क नाश पावण्याचा वेग तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. समजा, दहा अंशांच्या फ्रीजमध्ये महिन्याला पाच टक्के जातं. मग तीस अंशांच्या फडताळात महिन्याला वीस टक्क्यांच्या आसपास जाईल. सहा महिन्यांनी फ्रीजमधल्या बरणीत पाऊण भाग शिल्लक असेल आणि फडताळातल्या बरणीत जेमतेम पाव. हे आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येक बरणीचा वेग वेगळा असेल, पण अंतर असंच पडतं. बाटलीबंद फळांच्या रसांतही हेच दिसतं. कारखान्यात पाश्चरीकरणात थोडं जातं आणि दुकानाच्या उन्हात तापलेल्या कपाटात पुष्कळ जातं.

साठवणीतला नाश ओळखण्याची एक खूण आहे. हवा नसली तरी आंबट द्रवात ॲस्कॉर्बिक आम्ल हळूहळू मोडतं आणि त्यातून तपकिरी रंगाची संयुगं बनत जातात. उन्हाळ्यात केलेलं लिंबाचं किंवा संत्र्याचं सरबत गौरी-गणपतीपर्यंत तांबूस झालं, त्याला शिळकट गोड वास आला, तर त्यातलं बरंचसं क गेलेलं आहे. उन्हात वाळवलेल्या आवळा सुपारीत आणि आवळकाठीतही तेच. वाळवताना पातळ किसाला चहूबाजूंनी हवा लागते, आणि पावसाळ्यात डबा सादळला की उरलेलं झपाट्याने जातं. सादळलेली, काळपट, चिकट सुपारी पचनाला, तोंडाला चव यायला खावी. क साठी तिच्यावर विसंबू नये.

आता शेजारणीच्या बरणीचा ताळा मांडू. आवळे वाफवून किसले, रस टाकला नाही, असं धरून पहिल्या पायरीत पंचमांश गेलं म्हणू. २,२५० चे १,८०० राहिले. पाकात आणखी पंचमांश, उरले १,४४०. सव्वा किलो साखर पडली, पाणी उडालं, मोरावळा झाला दोन किलो. वीस ग्रॅमच्या एका चमच्यात १४ मिलिग्रॅम आले. सहा महिने फडताळात ठेवून चार आणि फ्रीजमध्ये ठेवून दहा-अकरा. आवळे उकळून पाणी ओतून दिलं असतं आणि त्यात निम्मं गेलं असतं, तर पहिल्या दिवशीच चमच्यात नऊ मिलिग्रॅम आले असते.

हिशेब इथे थांबत नाही, आणि पुढची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा, काहीच नष्ट झालं नाही, जादूने २,२५० चे २,२५० राहिले. तरी त्या चमच्यात २२ मिलिग्रॅमच येणार, कारण निम्म्याहून जास्त मोरावळा साखर आहे. विस्तवाने जेवढं नेलं त्याहून अधिक साखरेने पातळ केलं. दोन चमच्यांत बाईची दिवसाची गरज भागत नाही आणि त्यापेक्षा जास्त चमचे खाणं साखरेच्या दृष्टीने शहाणपणाचं नाही.

पेरूचा हिशेब त्याच्या शेजारी ठेवला की चित्र उलटं होतं. शंभर ग्रॅम पेरूत क साधारण २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, म्हणजे नव्या तक्त्यांनुसार आवळ्याच्या अगदी जवळ. दहा ग्रॅमची एक फोड, जी लोकलमध्ये तिखट-मीठ लावून मिळते, ती एकटीच मोरावळ्याच्या ताज्या चमच्याइतकं देते. शिवाय पेरू आपण कच्चाच खातो, साखर घालत नाही, पाणी ओतून देत नाही. क चा भार सालीत आणि तिच्या लगतच्या गरात जास्त असतो, बियांच्या गाभ्यात कमी. साल सोलून फक्त गाभा खाणारा चांगला भाग फेकून देतो. पिकायला लागेपर्यंत क वाढतं आणि फळ ढिलं, घमघमाटाचं झालं की उतरतं, तेव्हा कडक पिवळसर फळ उत्तम. कापलेली फोड तपकिरी पडते ती विकरांमुळे, आणि तो रंग परतवण्याच्या कामी फळातलंच क खर्च होतं. तरी सकाळी कापून दुपारी डब्यात खाल्लेल्या पेरूत बरंच उरलेलं असतं. उघड्या ताटलीत आदल्या दिवशीच्या फोडी ठेवू नयेत, एवढंच.

लिंबाचं नाव मोठं असलं तरी साठा लहान. शंभर ग्रॅम रसात पन्नासच्या आसपास, आणि एका मध्यम लिंबात वीस-पंचवीस ग्रॅम रस, म्हणजे एका लिंबाचे दहा-बारा मिलिग्रॅम. मोसंबी आणि संत्र्यातही शंभर ग्रॅमला चाळीस-पन्नासच. पण लिंबाचा आंबटपणा त्याच्या क ला सांभाळतो, आणि अखंड फळाची साल हवेपासून वाचवते. फडताळात साल वाळून कडक झालेल्या लिंबाच्या रसातही क बऱ्यापैकी असतं. पिळल्यावर मात्र घड्याळ सुरू होतं. वरण उतरवून, ताटात वाढल्यावर लिंबू पिळण्याची आपली रीत या दृष्टीने अचूक आहे.

हे सगळं घरी पडताळता येतं आणि मुलांसोबत करण्यासारखं आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी ५०० मिलिग्रॅमची जीवनसत्त्व क ची गोळी कुटून उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवा. या पाण्याच्या दहा मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम क आहे. त्यात भाताची निवळ, पूर्ण थंड झालेली पेज चमचाभर घाला. गरम पेजेत निळा रंग उमटत नाही. जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाण्याने पातळ करून थेंब थेंब टाकत जा. क असेपर्यंत ते आयोडीनचा रंग घालवत राहतं, आणि क संपलं की पेजेतल्या पिष्ठमयाशी आयोडीन जुळून निळा-जांभळा रंग टिकून राहतो. थेंब मोजा. समजा, वीस लागले. मग दहा मिलिलिटर लिंबू-सरबतावर तेच करा. आठ थेंबांत रंग टिकला, तर त्यात दोन मिलिग्रॅम आहे. आज केलेलं आणि महिनाभर ठेवलेलं सरबत शेजारी ठेवून मोजलं की फरक थेंबांत दिसतो.

आवळ्यावर मात्र हा प्रयोग करू नका. टॅनिनंही आयोडीन खातात, म्हणून क कमी असलं तरी थेंब जास्त लागतात. आवळ्याच्या आकड्यांबद्दल मघाशी जी सावधगिरी बाळगली तिचं हेच कारण आहे. मोजताना टॅनिन आणि ॲस्कॉर्बिक आम्ल वेगळं काढलं नाही, तर आकडा फुगतो. वाळवलेल्या किंवा साठवलेल्या आवळ्याच्या पदार्थावर भरमसाट आकडा छापलेला दिसला, तर तो कशाने मोजला ते विचारावं.

शेजारणीला मी हा हिशेब सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी काय, घालायचाच नाही का?" घालावा की. चवीला त्याच्यासारखा दुसरा पदार्थ नाही, आणि वाफवून, लहान बरण्यांत तोंडापर्यंत भरून, फ्रीजमध्ये ठेवला तर त्यात थोडं क राहीलही. पण घरातल्या मुलांना क हवं असेल, तर स्टेशनबाहेरच्या वाट्यातले दोन-तीन डोंगरी आवळे मिठाबरोबर कच्चे द्यावेत, आणि आवळे संपले की बाजारातून सालीसकट खायचा कडक पेरू आणावा.